उजव्या खुंटीवरची वायर

आमच्या स्टुडिओत दाराजवळ दोन खुंट्या आहेत. उजव्या खुंटीवर चालणाऱ्या वायरी, डाव्या खुंटीवर संशयित. काम झालं की वायर गुंडाळून आपापल्या खुंटीवर टांगायची, हा नियम माझा. तो कोणी मोडला की मी समोरच्याचं वय बघत नाही.

स्टुडिओ म्हणजे फार काही नाही. अंधांच्या वाचनालयाच्या मागच्या अंगाला दोन लहान खोल्या आहेत. एकीत वाचणारा बसतो, दुसरीत मी आणि माझा मॅक. मध्ये जाड दुहेरी काच. वाचणाऱ्यानं पुस्तक वाचायचं, मी ते रेकॉर्ड करायचं आणि मग साफ करायचं: अडखळलेले शब्द, पानांची सळसळ, खोकला, खुर्चीची कुरकुर. आणि श्वास. दोन वाक्यांच्या मध्ये माणूस जो श्वास घेतो ना, तो मला खपत नाही. मी तो कापून टाकते.

म्हणून काका मला कात्रीबाई म्हणायचे. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने वाचक. सख्खे काका नव्हेत, पण अकरा वर्षं रोज समोर बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, जन्मापासून आंधळी. काका आधी घरी तिच्यासाठी वाचायचे. मग वाचनालयानं त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी त्रेचाळीस पुस्तकं वाचली आणि प्रत्येक पुस्तकाची पहिली प्रत काकूंच्या घरी गेली. "कात्रीबाई," ते काचेपलीकडून म्हणायचे, "थोडा श्वास राहू द्या. ऐकणाऱ्याला वाटेल पेटी वाचतेय." मी म्हणायचे, "तुम्ही वाचा. कापायचं माझं मी बघते."

चव्वेचाळिसावं पुस्तक ही एका दीपगृहाच्या रखवालदाराची लांबलचक कादंबरी होती. एकतीस प्रकरणं. तीस झाली होती. शेवटच्या दिवशी माझी दाढ असह्य ठणकत होती. मी रेकॉर्डिंग सुरू करून दिलं आणि काकांना म्हटलं, "संपलं की इकडे या, हे एवढं बटण दाबा, मी उद्या बघते." त्यांनी काचेतून हात हलवला. मी दातांच्या डॉक्टरकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी येऊन बसले, तर मॅकच्या पडद्यावर कोपऱ्यात एक सूचना लटकत होती. डिस्क नीट बाहेर न काढताच निघून गेली, असं काहीसं. आमचं सगळं ताजं रेकॉर्डिंग एका बाहेरच्या डिस्कवर होतं. माझ्या टेबलावर काळी डबी, त्यातून एक वायर मॅकला. डबी जागेवर होती, वायर जागेवर होती, डबीवरचा निळा दिवाही लागलेला होता. पण पडद्यावर डिस्क नव्हती.

मी वायर काढून परत लावली. मॅक बंद करून चालू केला. डिस्क युटिलिटी उघडून सगळी उपकरणं दाखव म्हटलं. फक्त आतली डिस्क. तेव्हा मी सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं. तिथे मॅकला काय काय जोडलंय त्याची यादी असते. डिस्कवरचा मजकूर बिघडला असेल, तिचं फॉरमॅट गेलं असेल, तरी त्या यादीत निदान तिच्या डबीचं नाव येतं. यूएसबीच्या खाली माझा कीबोर्ड होता, माइकचं यंत्र होतं. बस्स. ती यादी आपली आपण बदलत नाही, म्हणून मी ती पुन्हा ताजी केली. कीबोर्ड, माइकचं यंत्र. मॅकच्या लेखी टेबलावर डबी नव्हतीच.

मी तिसऱ्यांदा यादी ताजी करत होते तेव्हा फोन वाजला. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई होत्या. म्हणाल्या, काका रात्री झोपेत गेले.

ती सकाळ मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी फोन ठेवला आणि यादी चौथ्यांदा ताजी केली.

त्या डिस्कवर काय होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. आधीची तीस प्रकरणं साफ होऊन दुसरीकडे गेली होती. प्रकरण साफ झालं की मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकते, जागा हवी म्हणून. फक्त एकतिसावं तिथे होतं, काल संध्याकाळी वाचलेलं, आणि त्याची नक्कल कुठेच नव्हती. नक्कल करायची ती मीच, आणि मी गेले होते दाढ दाखवायला.

चार दिवसांनी मी काकूंना भेटायला गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी शेजारी टेकले. त्याच म्हणाल्या, "शेवटचं प्रकरण वाचून झालं म्हणत होता. त्या रखवालदाराचं काय होतं, ते सांगेना मला. म्हणाला, ऐकशीलच." मग म्हणाल्या, "कधी देशील?"

"देते," मी म्हटलं. काय म्हणणार होते?

परत आल्यावर मी हात धुऊन त्या डिस्कच्या मागे लागले. अशा वेळी एक एक गोष्ट वेगळी करायची असते: मॅकचं वायर खुपसायचं तोंड, वायर, डबी आणि आतली डिस्क. चौघांतला एक गुन्हेगार. आधी तोंड तपासलं. ज्या तोंडात डबी लावली होती त्यात कीबोर्ड खुपसला, यादीत आला. म्हणजे तोंड ठीक. मग वायर. जुनी वायर मी काढून सरळ डाव्या खुंटीवर टांगली आणि उजव्या खुंटीवरची एक घेतली, दोन्ही टोकं तशीच असणारी. उजव्या खुंटीवरची, म्हणजे चालणारीच. डबीला लावली. निळा दिवा लागला, आत डिस्क फिरू लागली. यादी ताजी केली. काही नाही. म्हणजे वायरचा दोष नाही.

मग डबी. चार बारीक स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली. खणात एक जुनी रिकामी डबी होती, तिची स्वतःची वायर केव्हाच हरवलेली. त्या डबीत डिस्क बसवली आणि उजव्या खुंटीवरची तीच वायर लावली. डिस्क फिरली. यादी ताजी केली. काही नाही.

तोंड ठीक, वायर ठीक, डबी बदलली. उरली कोण? डिस्क. मी काकूंना फोन केला आणि सांगितलं की डिस्क मेली, शेवटचं प्रकरण गेलं. त्या म्हणाल्या, "त्रेचाळीस पुस्तकं आहेत माझ्याकडे त्याची. रोज लावते. पण त्यात तो नाही गं. शब्द आहेत, तो नाही. एक श्वास नाही त्याचा. ते प्रकरण तू अजून कापलं नव्हतंस ना, म्हणून मला हवं होतं."

मी फोन ठेवला. अकरा वर्षं मी त्या माणसाचा श्वास कापला होता, एकेक करून, नीट बघून, कुठे धक्का जाणवू नये असा. आणि त्याचं मला कौतुक होतं.

त्यानंतर ती डिस्क मला टाकवेना. दुकानात दाखवायचंही मी टाळलं. खोटं कशाला बोलू, मेली हे मी सिद्ध केलं होतं आणि माझं सिद्ध केलेलं दुसऱ्यानं तपासलेलं मला चालत नाही. पण रोज सकाळी आल्या आल्या मी ती जोडायची. दिवा लागायचा. तळहात ठेवला की आत फिरत असलेली कळायची, बारीक, एकसारखी घरघर. आमच्या खोल्यांत बाहेरचा आवाज येत नाही. त्यामुळे ती घरघर जरा जास्तच ऐकू यायची. मी यादी ताजी करायची. कीबोर्ड, माइकचं यंत्र. हाताखाली कोणीतरी आहे आणि पडद्यावर कोणी नाही. मेलेली वस्तू अशी फिरते का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उलट मला भीती वाटायला लागली.

नवीन वाचक बाई यायला लागल्या. भली बाई. पण पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही खुर्ची बदलता येईल का? कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी उबदार वाटते." मी म्हटलं, "वरच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडतो म्हणून." खुर्ची बदलली. त्यांचे श्वास कापताना माझा हात मधूनच थांबायचा आणि मला वाटायचं, काचेपलीकडे कोणीतरी मान वर करून बघतंय. मी बघितलं की नवीन वाचक बाई पाणी पीत असायच्या. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "सुट्टी घे." आईकडे प्रत्येक गोष्टीला हेच औषध.

तीन आठवडे झाले असतील. दुपारी शेजारीण काकूंना घेऊन आली, दारात सोडून बाजारात गेली. काकू काकांचं सामान न्यायला आल्या होत्या: एक शाल, चष्म्याचं घर आणि पुस्तकाला चिमट्यानं लावायचा लहान दिवा. आमच्या वाचनाच्या खोलीत वरचा दिवा मंद आहे आणि काकांच्या डोळ्यांना पुरायचा नाही, म्हणून तो चिमट्याचा दिवा ते घरून घेऊन आले होते. मी सगळं पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं.

काकूंनी पिशवीत हात घालून चाचपलं. "दिव्याची वायर?"

"ती काही मला सापडली नाही हो."

"असेल इथेच. बारीकशी आहे, सुतळीसारखी ताठ. टोकाजवळ मी एकदा इस्त्री टेकवली होती, तिथे खरखरीत झालीय. ओरडला होता तेव्हा."

मी म्हटलं बघते. त्यांना माझ्या टेबलाजवळ बसवलं आणि वाचनाच्या खोलीतला खण उपसायला लागले. परत आले तर काकूंचा एक हात टेबलावरच्या डबीवर होता. सवयीप्रमाणे सकाळी मी ती जोडलेली होती.

"हे काय फिरतंय?" त्यांनी विचारलं.

"तीच डिस्क."

त्यांनी हात काढला नाही. बोटं डबीवरून वायरवर गेली, वायरीवरून मॅकच्या दिशेनं सरकली आणि टोकाजवळ थांबली.

"अगं, ही काय," त्या म्हणाल्या. "ही तर दिव्याची वायर."

"नाही काकू, ती उजव्या खुंटीवरची आहे. चालणारी..."

मी खाली वाकून बघितलं. टोकाजवळ काळ्या आवरणावर वितळल्याचा डाग होता. तीन आठवडे मी ती वायर रोज हातात धरत होते.

काकांच्या दिव्याला फक्त वीज लागायची. दिव्याबरोबर आलेल्या त्या वायरीत तेवढ्याच दोन तारा होत्या, वीज नेणाऱ्या. माहिती नेणाऱ्या तारा त्यात घातलेल्याच नसतात. म्हणून तर ती इतकी बारीक. दिवा लागायचा, म्हणजे काकांच्या हिशेबी वायर चालणारी होती. चालणारी वायर उजव्या खुंटीवर. नियम माझाच होता आणि ते तो इमानेइतबारे पाळत होते. तीच वायर मी घेतली आणि तिच्याच भरवशावर आधी डबी निर्दोष आणि मग डिस्क दोषी ठरवली. वीज जात होती, म्हणून डिस्क फिरत होती. बोलायला वाट नव्हती, म्हणून मॅकला ती दिसत नव्हती. आणि वायर तपासायला दुसरं एखादं चांगलं उपकरण लावून बघायचं मला सुचलं नाही. उजव्या खुंटीवरची होती ना!

मी ती वायर मॅकमधून उपटली. काकू म्हणाल्या, "काय झालं गं?"

"थांबा," मी म्हटलं. "एक मिनिट बसा."

या वेळी मी घाई केली नाही. खिशात मावणारं एक रेकॉर्डर यंत्र माझ्याकडे आहे. ते मॅकला जोडलं की यादीत येतं. ते दिव्याच्या वायरीनं जोडलं. चार्ज व्हायला लागलं, पण यादीत काही नाही. मग डाव्या खुंटीवर तीन आठवडे वाळत पडलेली डिस्कची मूळ वायर आणली आणि त्याच रेकॉर्डरला, त्याच तोंडात लावली. यादी ताजी केली. रेकॉर्डर आला. म्हणजे मूळ वायर धडधाकट होती. बिचारीला मी न विचारता शिक्षा दिली होती.

मग तीच वायर डिस्कच्या मूळ डबीला लावली, डिस्क परत आत बसवून. दिवा लागला, पण यादीत डबी नाही. डबीतलं सर्किटच गेलेलं होतं, खरा बिघाड तिथे होता. पुन्हा चार स्क्रू. डिस्क खणातल्या जुन्या डबीत. मूळ वायर. मॅक.

यादी ताजी करायच्या बटणावर माझं बोट होतं आणि दाबवत नव्हतं. काकूंनी विचारलं, "दाबलंस का?" त्यांना कसं कळलं मी काय करतेय, देव जाणे. मी दाबलं.

कीबोर्ड. माइकचं यंत्र. आणि त्याखाली एक नवीन ओळ.

पुढच्या क्षणी पडद्यावर डिस्कचं चित्र आलं. आत एकच फाइल होती. प्रकरण एकतीस. मी आधी तिची नक्कल मॅकवर उतरवली, मग दुसरी नक्कल दुसऱ्या डिस्कवर, आणि तोवर काकूंशी एक शब्द बोलले नाही. मग त्यांना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "लाव. काही कापू नकोस."

मी लावलं. मोठ्या स्पीकरवर.

आमच्याकडे वाचनाच्या आधी एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करतात. वाचणाऱ्यानं जागेवर बसायचं, बोलायचं नाही. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. मी श्वास कापते तिथे ती शांतता भरते, म्हणजे भोक पडल्यासारखं वाटत नाही. त्या मिनिटाला काकू पुढे झुकल्या. मला तर नेहमीचीच शांतता वाटली. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. श्वास आत, श्वास बाहेर. बाहेर जाताना शेवटी एक बारीकशी शीळ. अकरा वर्षं मी जी शांतता भरत आले, तीतही हा माणूस होता आणि मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

"आहे," काकू हळूच म्हणाल्या.

मग ते वाचायला लागले. चाळीस मिनिटं. वाक्यावाक्याच्या मध्ये श्वास, पानं, एकदा खोकला आणि "माफ करा हं". माझा उजवा हात दोनदा आपोआप कापायच्या बटणाकडे गेला. काकू माझ्या डाव्या हाताला धरून बसल्या होत्या. रखवालदार शेवटी दीपगृह सोडून जात नाही, दिवाच बंद करून तिथेच राहतो, असं त्या प्रकरणात आहे. काकूंनी नुसती मान हलवली, जशी काही आधीच ठाऊक असलेली गोष्ट ऐकावी.

प्रकरण संपलं. पण रेकॉर्डिंग चालूच होतं, कारण बटण माझ्या खोलीत आणि काका अजून त्यांच्या खोलीत. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. दिव्याचं बटण टिक वाजलं. मग सर सर सर, बारीक ताठ वायर गुंडाळल्याचा आवाज. खुर्ची मागे सरली. पावलं, सावकाश, दाराकडे. मी काचेतून त्या दाराकडे, त्याच्याजवळच्या खुंट्यांकडे बघत होते. तिथे कोणी नव्हतं. स्पीकरमधून खुंटीचा आवाज आला, किणकिण, आणि मला न बघता कळलं की ती उजवी खुंटी. डावी थोडी सैल आहे, ती असा आवाज करत नाही.

पावलं परत आली, माइकच्या अगदी जवळ. श्वास आत, श्वास बाहेर.

"कात्रीबाई," काका म्हणाले, "वायर जागेवर टांगलीय हं. उद्या आल्या आल्या ओरडू नका."

दार उघडलं. मग आवाज थांबला.